वीस अक्षरांची ओळ

“मी मोजतो, ठरवीत नाही,” असं काशिनाथ तोंडवळकर मास्तर एकदा म्हणाले होते.

कुणीतरी त्यांना गमतीने विचारलं होतं की, मास्तर, एवढे आकडे मांडता, तर यंदा बांगडा किनाऱ्याला लागेल की नाही ते सांगून टाका. बाजारातल्या चहाच्या दुकानात, चार लोकांसमोर. मास्तरांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि हे उत्तर दिलं. लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ते गंभीरपणे बोलत आणि लोकांना विनोद वाटे. ते क्वचित विनोद करत आणि लोक गप्प बसत. असं आयुष्यभर चाललं.

मालवणच्या बाजूच्या एका गावातल्या हायस्कुलात ते गणित शिकवत. मी तिथंच मराठी शिकवत होतो. मास्तर ठेंगणे, काळेसावळे, एका खांद्याने किंचित उतरलेले. गणिताचे मास्तर मारकुटे असतात अशी समजूत होती. तोंडवळकरांनी कुणावर हात उचललेला मला आठवत नाही. चुकलेलं गणित पाहून त्यांना राग येत नसे, दुःख होई. पोरांना ते दुःख छडीपेक्षा जड जाई. बायको लवकर गेली होती. घरी म्हातारी आई आणि एक विहीर. त्या विहिरीचं पाणी मार्चनंतर दर आठवड्याला किती उतरतं हे त्यांना ठाऊक असे, आणि ते ठाऊक असून पाणी काही वाढत नसे.

अभ्यासक्रमात नसलेलं काही शिकवायची त्यांना खोड होती. एकोणसाठ साली हिवाळ्यात त्यांनी अकरावीच्या वर्गात शाळेचं टंकलेखनयंत्र उचलून आणलं. तो इंग्रजी टाइपरायटर मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दिलेला. खाऱ्या हवेने त्याच्या काही कळा अडकत, म्हणून मास्तरांनी आदल्या दिवशी खोबरेल लावून त्या मोकळ्या केल्या होत्या. हेडमास्तर ओरडले होते, पण उशिरा.

“डोळे मिटा,” मास्तर वर्गाला म्हणाले, “आणि कुठल्याही तीन कळा दाबा. अर्थ असलेला इंग्रजी शब्द उमटेल का?”

“नाय, सर,” वर्ग एका सुरात म्हणाला.

“कधीच नाही?”

“चुकान उमटात एखादेक.”

“चुकून म्हणजे किती वेळा?”

मास्तरांना इथंच यायचं होतं. त्यांनी फळ्यावर मांडलं. पहिली कळ सव्वीसांतली कुठलीही, दुसरी तशीच, तिसरी तशीच. सव्वीस गुणिले सव्वीस गुणिले सव्वीस : सतरा हजार पाचशे शहात्तर. एवढ्या तीन-तीन अक्षरांच्या जुळण्या. त्यांतल्या शब्द किती? त्यासाठी त्यांनी शाळेतला इंग्रजी शब्दकोश अक्षरांप्रमाणे मुलांत वाटून दिला. आठवडाभर मुलं तीन अक्षरांचे शब्द मोजत होती. भिकाजी वराडकरांच्या सुगंधाने सगळ्यांची बेरीज तपासली, दोघांनी एकच शब्द दोनदा धरला होता तो काढला. आकडा आला सहाशे चाळीस.

“म्हणजे शंभर वेळा तीन कळा दाबल्या तर?” मास्तर.

“तीन ते चार शब्द,” सुगंधा म्हणाली. “साडेतीनच्या जरा वर.”

मग प्रत्येकाने डोळे मिटून दहा वेळा तीन कळा दाबल्या. बत्तीस मुलं. कागदावर तीन अक्षरं, मोकळी जागा, तीन अक्षरं. शब्द आले एकोणीस. हिशेबाने बारा यायला हवे होते. मुलं खूश झाली. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कागद चाळले. बाबली नावाच्या एका मुलाने एकट्याने दहांत पाच शब्द आणले होते, आणि त्याच्या शेजाऱ्याने चार. दोघंही संध्याकाळी बाजारातल्या टायपिंगच्या क्लासला जात.

“तुझे डोळे मिटलेले होते, बोटं मिटलेली नव्हती,” मास्तर बाबलीला म्हणाले. “बोटं आपल्या शिकवलेल्या जागेवर गेली. तिथं शब्द पिकतात. गणिताला अडाणी बोट लागतं.”

त्या दोघांना सोडून उरलेल्या तिसांचे तीनशे प्रयत्न. अपेक्षा अकराची. आले दहा. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी जसा उजळला तसा मी पुन्हा पाहिला नाही. जगाने त्यांना एकदा दहा दिले होते आणि त्यांनी अकरा मागितले होते; एवढ्या जवळ जग त्यांच्याशी कधी आलं नव्हतं.

सुगंधाने त्यानंतर दोन प्रश्न विचारले. ते दोन्ही इथं सांगायला हवेत.

पहिला : तीनाऐवजी चार अक्षरं घेतली तर? मास्तर म्हणाले, जुळण्या सव्वीसपट होतील. शब्द काही सव्वीसपट होणार नाहीत, फार तर तिप्पट. शब्द मिळणं फार दुर्मीळ होईल. अक्षरं वाढतात तसा कचरा जास्त वाढतो.

दुसरा : “सर, मध्ये जागा सोडलीच नाही तर? नुसती एक लांब ओळ, आणि त्यात कुठंही सलग तीन अक्षरांत शब्द दिसला तरी चालेल, असं केलं तर?”

मास्तर खडू हातात धरून थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वीस अक्षरांची ओळ काढली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अक्षराखाली एक कंस. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याखाली दुसरा कंस. असं एकेक अक्षर सरकत अठरा कंस. “प्रत्येक कंसाला शब्द न होण्याचा संभव शंभरात शहाण्णवाच्या जरा वर. अठरा वेळा गुणा. कंस एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून हे काटेकोर नाही, अंदाज आहे.” उत्तर जवळजवळ अर्धं आलं. वीस अक्षरांच्या ओळीत शब्द सापडेल की नाही, ही बाब निम्मीनिम्मी.

“म्हणजे कौल,” मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

आमच्याकडे कौल म्हणजे काय ते नवख्याला सांगावं लागतं. गावच्या देवळात गुरव पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवतो, माणसाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, परगावी जाणं, आजारपण, सगळं तिथं विचारलं जातं. गुरव जे पडलं ते मोठ्याने सांगतो, आणि सांगितलं की झालं.

सुगंधा पुढच्या जूनमध्ये शाळेत पहिली आली. गणितात शाळेत आजवर कुणाला पडले नव्हते एवढे मार्क. तिचा मामा कोल्हापुरात होता, कारकून. तो म्हणाला, माझ्याकडे राहील, कॉलेजात जाईल. मास्तरांनी ही गोष्ट स्वतःची धरली. त्यांनी तिला आपला शब्दकोश दिला, शाळेचा नव्हे, स्वतःचा. दिवसातून एकदा तरी ते मला म्हणत, “ती माझ्यापुढे जाईल.” म्हणताना त्यांच्या आवाजात जो आनंद होता त्यात थोडी भीती मिसळलेली असे.

भिकाजी वराडकर देवळाचे मानकरी. उंच, हळू बोलणारा माणूस. नारळाची बाग, थोडं भात, आणि चार भाऊबंदांचं एकत्र घर. धाकटा भाऊ बाळा हा घराचा आवाज. मुलीने परगावी राहून शिकावं ही गोष्ट त्या घरात कुणी केली नव्हती. बाळाने कणकवलीकडचं एक स्थळ आणलं होतं. तेही वाईट नव्हतं. भिकाजींनी ना हो म्हटलं, ना नाही. ते देवळात गेले.

पाकळ्या लावल्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. एकही पाकळी पडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पडली नाही. पावसाळी हवेत पाकळ्या तशाच चिकटून बसतात. मास्तर असते तर त्यांनी ते सांगितलं असतं. गावात मात्र त्याचा अर्थ देव रुसला असा झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या सुमारास भिकाजी वराडकर शाळेत आले. बरोबर बाळा, आणि मागे, दाराशी, सुगंधा. शिक्षकांच्या खोलीत मास्तर आणि मी.

भिकाजी बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

“मास्तर, एक इचारूचा होता.”

“बसा ना, भिकाजीराव.”

“चेडू म्हणता, तुमच्या मशीनीत पण कौल आसा. अर्धो होय, अर्धो नाय. खरा?”

मास्तरांनी सुगंधाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

“कौल नाही,” मास्तर म्हणाले. “ते गणित आहे. यंत्राला काही माहीत नसतं.”

“पाकळयेक तरी काय म्हायत आसता?” बाळा म्हणाला आणि स्वतःच्या बोलण्याला दचकून जीभ चावली. “म्हणजे, देवान सांगल्याशिवाय.”

“देव बोलणा नाय,” भिकाजी म्हणाले. “दोन दिस झाले. घरात तोंडां फिरली आसत. माका खंयसून तरी एक उत्तर व्हया. तुमचा मशीन गावचा नाय, कोणाचा सोयरा नाय, आमच्या भाऊबंदकीतला नाय. शब्द इलो तर चेडू कोल्हापुराक जाता. नाय इलो तर बाळान आणलला थळ. माका दोनय कबूल.”

“हे असं ठरवायची गोष्ट नाही,” मास्तर म्हणाले. “तिचे मार्क बघा. तिचं डोकं बघा. यंत्राला कशाला विचारता? मला विचारा, मी सांगतो, पाठवा तिला.”

“तुमी सांगतलासच,” बाळा म्हणाला. “तुमका काय? तुमच्या घरात कोण आसा लग्नाचा?”

मास्तरांच्या खांद्यावर काहीतरी पडल्यासारखं झालं.

“मास्तर,” भिकाजी म्हणाले, “माणसाच्या तोंडचा आमच्या घरात कोण ऐकणा नाय. कौल ऐकतत.”

मग मास्तरांनी हो म्हटलं. का म्हटलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या आकड्यांकडे काही मागायला आलं होतं. चहाच्या दुकानातली थट्टा नव्हती ती. एका माणसाने टोपी हातात घेऊन मागितलं होतं.

यंत्र आणायला ते कपाटाकडे गेले तेव्हा मी मागून गेलो आणि हळूच म्हणालो, “वीस कशाला? साठ अक्षरं घ्या. शब्द सापडायचा संभव किती होईल?”

“नव्वदीच्या जवळ,” ते लगेच म्हणाले. म्हणजे त्यांनी ते मनात करून ठेवलं होतं.

“मग?”

“त्यांनी अर्धं मागितलं आहे. नव्वद देऊन अर्धं म्हणून सांगायचं, ही वजनात मारण्याची गोष्ट झाली.”

“पोरीचं आयुष्य आहे, मास्तर.”

“म्हणूनच तर,” ते म्हणाले.

हा त्यांचा प्रामाणिकपणा. मी तेव्हा त्याला मान दिला होता. आता त्याकडे बघताना मला समुद्राचं पाणी आठवतं. स्वच्छ, तळ दिसणारं, पिता न येणारं.

यंत्र टेबलावर ठेवलं. कोरा कागद चढवला. सुगंधाने कळा दाबू नयेत असं मास्तरांनीच सांगितलं. तिला कळांच्या जागा माहीत होत्या. बाळानेही नको, तो इंग्रजी तिसरीपर्यंत शिकला होता. दाबायचं भिकाजींनी. डोळे मिटून, एका बोटाने, दर वेळी हात वर उचलून थोडा इकडेतिकडे फिरवून. मुठीने आपटायचं नाही, कारण शेजारच्या शेजारच्या कळा दाबल्या जातात. मास्तर प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होते. अंकांच्या आणि चिन्हांच्या कळांवर बोट पडलं तर ते धरायचं नाही, पुन्हा दाबायचं. इतकी काळजी. वेदीवर मांडणी करणाऱ्या भटजीची असते तितकी.

भिकाजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते. गाऱ्हाणं घालत असावेत. त्यांचं बोट नारळ सोलून जाड झालेलं. खट्. हात वर. खट्. प्रत्येक आवाजाला बाळा दचकत होता. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिथून तिला कागद दिसत होता.

विसावं अक्षर उमटलं. मास्तरांनी “पुरे” म्हटलं आणि कागद यंत्रातून सोडवला. खिशातली पेन्सिल काढली.

आणि त्यांनी दर तीन अक्षरांनंतर एक उभी रेघ मारली.

वर्गात त्यांनी हेच केलं होतं. एकसष्ट सालीही करणार होते, बासष्टलाही. तीन अक्षरं, मोकळी जागा, तीन अक्षरं. कागदावर मोकळ्या जागा नव्हत्या, म्हणून हाताने त्या रेघांनी करून घेतल्या. बाबलीची बोटं जशी शिकवलेल्या जागेवर गेली होती, तशीच मास्तरांची पेन्सिल गेली. ते मोठ्याने वाचू लागले. प्रत्येक तुकड्यानंतर थांबत, मान हलवत.

“के, डब्ल्यू, पी. नाही.

“ओ, क्यू, जे. नाही.

“एल, सी, एच. नाही.

“यू, टी, झेड. नाही.

“आय, ई, व्ही. नाही.

“जी, आर, डी. नाही. उरले बी आणि एन. दोनच.”

मास्तरांनी कागद पुन्हा एकदा वरून खाली पाहिला, त्याच रेघांनी. मग तो टेबलावर ठेवला.

“शब्द नाही,” ते म्हणाले.

भिकाजींनी टोपी डोक्यावर घातली. “बरा झाला. उत्तर गावला,” एवढंच म्हणाले. बाळाने मास्तरांना नमस्कार केला, अगदी मनापासून. सुगंधा चौकटीपासून निघाली नव्हती. ती कागदाकडे बघत होती, मग मास्तरांकडे. त्या बघण्यात रडणं नव्हतं. विचारणं होतं. मास्तरांनी नजर खाली वळवली; त्यांना वाटलं ती सांत्वन मागते आहे आणि ते त्यांच्याजवळ नव्हतं. वडिलांनी हाक मारली तशी ती गेली.

दहा दिवसांत साखरपुडा झाला. मास्तर गेले नाहीत. त्या दिवसांत ते वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवत.

नंतर एका दुपारी सुगंधा शाळेत आली. हातात शब्दकोश, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. तिने तो टेबलावर ठेवला.

“ठेव तुझ्याकडेच,” मास्तर म्हणाले.

“माका कित्याक, सर? कणकवलेक कोण विचारतला?” ती एवढं मालवणीत बोलली आणि मग शाळेतल्यासारखी शुद्ध भाषेत आली. “सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“तुम्हांला खरंच वाटत होतं का, मी जाऊ नये?”

“काय बोलतेस?”

“नाही, मला चालेल. तुम्हांला तसं वाटलं असेल तर काहीतरी कारण असेल. बाबांना तोंडावर नको म्हणणं कठीण, म्हणून तुम्ही तसं वाचलंत, असं मी धरून चालले आहे. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

“कसं वाचलं?”

तिने टेबलावर बोटाने कंस काढले. एकेक अक्षर सरकत, जसे त्यांनी फळ्यावर काढले होते. “एल, सी, एच, यू, टी, झेड. तिसऱ्या तुकड्यातला एच. चौथ्यातले यू, टी.”

मास्तरांचे ओठ हलले. एच, यू, टी. झोपडी. पाचवीच्या पुस्तकातला शब्द.

“दारातून मला दिसत होता,” ती म्हणाली. “अख्ख्या ओळीत तेवढाच.”

“मग तू बोलली का नाहीस!” ते ओरडले. मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

ती दचकली नाही. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं. “बाबांसमोर? काकांसमोर? तुम्ही वाचलेलं चूक आहे असं मी म्हणू, सर?”

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. अशा वेळी दुसरा माणूस डोकं धरतो. तुकडे पाडून वाचलं तर अठराच्या जागी सहाच कंस. शब्द सापडण्याचा संभव शंभरात वीस. त्यांनी अर्धं कबूल केलं होतं आणि पाचवा हिस्सा दिला होता. नव्वद द्यायला ज्या माणसाचा हात धजला नाही त्याने वीस दिले, आणि त्या विसातही तो शब्द बसला नाही. तो अर्ध्यात मात्र होता. ठसठशीत, काळ्या शाईत.

“मला तसं वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी चुकलो. मी नुसता चुकलो, सुगंधा.”

तेव्हा ती रडली. मला वाटतं, कारण असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मास्तर वराडकरांच्या घरी गेले. मला बरोबर चला म्हणाले, आणि सुगंधा मागून. वाटभर तो वीस अक्षरांचा कागद छत्रीच्या आत, छातीशी धरलेला. तो इतके दिवस टेबलाच्या खणातच राहिला होता.

भिकाजी ओटीवर सुंभ वळत बसले होते. बाळा आत जेवत होता; आवाज ऐकून खरकट्या हाताने बाहेर आला. सुगंधाची आई, यशोदा, दाराआड उभी राहिली.

मास्तर ओटीवर चढले नाहीत. अंगणातूनच त्यांनी सगळं सांगितलं. रेघा कुठं मारल्या, का मारायला नको होत्या. कागद पुढे करून बोट ठेवलं. “शब्द आला होता. तुमच्या हाताने आला होता. मी वाचला नाही. तुमची मुलगी कोल्हापूरला जायला हवी.”

बाळा हसला. “बरा आसा हो, मास्तर. पंधरा दिसांनी कौल फिरता? उद्या म्हणशात, उलटो वाचलो तर आणखी एक शब्द गावता.”

“उलटं वाचायचं ठरलं नव्हतं. सलग तीन अक्षरं, कुठंही, एवढं ठरलं होतं. वर्गात...”

“वर्गात!” बाळा म्हणाला. “साखरपुडो मांडवात झालो, वर्गात नाय. नारळ फुटलो. थयची माणसां जेवन गेली. आता त्यांका काय सांगूचा? मास्तराक अक्षरां दिसली नाय म्हणान?”

“सांगा,” मास्तर म्हणाले. “माझं नाव घालून सांगा.”

“बाळा, आत जा,” भिकाजी म्हणाले. बाळा गेला नाही, पण गप्प झाला.

भिकाजींनी सुंभाचा पेड गुडघ्याखाली दाबून धरला.

“मास्तर, गुरव कौल सांगता. कधी डावी पाकळी पडता, तेका उजवी दिसता. म्हातारो आसा, डोळे गेलेत. गावाक म्हायत आसा. तरी तेना सांगला तो कौल. पाकळी परत चिकटवूक गावणा नाय. परत चिकटवूक लागलो तर गावात कोणाचाच लगीन टिकाचा नाय, कोणाची हद्द रवाची नाय.”

“पण ही पाकळी नाही, भिकाजीराव. कागद आहे. हा बघा. अजून तसाच आहे. कुणीही वाचावा.”

“कोण वाचतलो? आमच्या घरात वाचणारा एकच,” ते म्हणाले आणि मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. “तेना तेव्हा सांगूक नाय.”

यशोदाबाई दाराआडून म्हणाल्या, “ता कसा सांगतला? तुमीच शिकवलास ना, मोठ्यांच्या मधी बोलूचा नाय.”

भिकाजी पुन्हा सुंभ वळू लागले.

“पाठवा तिला,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी लहान झाला होता. “कौल सोडा. माझी चूक सोडा. ती हुशार आहे, एवढ्यासाठी पाठवा.”

भिकाजींनी सुंभ बाजूला ठेवला. ते उठले, ओटीच्या कडेपर्यंत आले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि मी तोपर्यंत त्यांना दगड समजत होतो.

“तुमका काय वाटता, मास्तर, मी मशीनीकडे खेळूक इलंय? चार भावांच्या घरात मी एकटो काय बोलू? माका ‘होय’ व्हया होता. चेडू पयला इला त्या दिसापासून व्हया होता. देवळात पाकळयेकडे बघत मी उजव्या अंगाक उभो रवलंय, दोन दिस. पडूक नाय. मगे म्हटलंय, मास्तर आपलो माणूस. तेंका चेडवाची माया. शब्द इलो नाय तरी मास्तर वाचतीत. आमका खंय इंग्रजी येता? तुमी कायव वाचला असतास तर चालला असता.”

पावसाची उघडीप होती. अंगणात कुठंतरी पाणी थेंबथेंब गळत होतं. बाळाने प्रथमच भावाकडे नीट पाहिलं आणि मान फिरवली.

“तुमी खोटा बोलशात म्हणान मी तुमच्याकडे इलंय,” भिकाजी म्हणाले. “आणि तुमी खरा वाचूक गेलास, नि ताय चुकीचा.”

सुगंधा तुळशीपाशी उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं. ही गोष्ट तिलाही आत्ताच कळत होती. एका घरात राहून तिचं आणि त्या माणसाचं एकच मागणं होतं आणि दोघांनी ते एका पेन्सिलीच्या हाती दिलं होतं.

मास्तरांच्या हातातला कागद तसाच पुढे धरलेला होता. तो कुणी घेतला नाही. मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी माझ्याकडे, भिकाजींकडे, मुलीकडे पाहिलं.

छत्री ओटीला टेकलेली होती. ती त्यांनी घेतली नाही. ते वळले, अंगण ओलांडलं आणि कुंपणाच्या बेड्यातून बाहेर पडले.